रसायनोपचारातील मुखशोथ आणि बर्फाचा उपयोग

कर्करोगावरील औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशीही अशाच सतत नव्या होत असतात. औषधाने ही नवनिर्मिती थांबली की जुने अस्तर झिजते आणि त्याची जागा घेण्यास नवे मिळत नाही. म्हणूनच औषध दिल्यावर साधारणपणे पाच ते सात दिवसांनी तोंड लाल होऊन चरचरू लागते व पुढे व्रण पडतात. रक्तातील पांढऱ्या पेशी घटण्याचाही काळ हाच असल्याने हे व्रण जंतूंना प्रवेशद्वार ठरतात.

फ्लुओरोयुरासिल हे औषध शिरेतून एकदम टोचले असता हा शोथ टाळण्याचा एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे बर्फ. या औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे 10 ते 20 मिनिटांत निम्मे होते. तेवढ्या काळात गारव्याने तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचित राहिल्या, तर अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते.

समजा, नागपुरातील एखाद्या रुग्णास 11 वाजता हे औषध टोचावयाचे आहे. त्याने 10 वाजून 55 मिनिटांनी बर्फाचे लहान तुकडे तोंडात घ्यावेत आणि 11 वाजून 25 मिनिटांपर्यंत ते जिभेखाली व दोन्ही गालांत फिरवीत राहावे. तुकडे विरघळताच नवे घ्यावेत, कारण तोंड मध्येच उबदार झाल्यास संरक्षण खंडित होते. सलग पाच दिवस औषध असल्यास हा क्रमही पाचही दिवस पाळावा लागतो. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच असावा; रस्त्यावरील गोळ्याचा बर्फ येथे वर्ज्य होय.

या उपायास मर्यादा आहेत. तेच औषध संथपणे दोन दिवस शिरेतून चालू असल्यास अर्ध्या तासाच्या बर्फाचा लाभ होत नाही. सोबत ऑक्सॅलिप्लाटिन असल्यास थंड स्पर्शाने घसा व ओठ यांना झिणझिण्या येतात. अशा वेळी वैद्याच्या अनुमतीवाचून बर्फ देऊ नये.

व्रण पडल्यावर मात्र बर्फाने ते भरून येत नाहीत; तेव्हा उद्दिष्ट वेदनाशमन व स्वच्छता हेच असते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा, विशेषतः जेवणानंतर, हळुवार चुळा भराव्यात. मऊ कुंचल्याने दात घासावेत. अल्कोहोलयुक्त द्रावणे, सावजी रस्सा आणि खर्रा वर्ज्य करावा. ताक-भात, पातळ खिचडी असे मऊ व कोमट अन्न सोसते. लिग्नोकेनच्या द्रावणाने बधिरता येते. पण घसाही बधिर झाल्यास ठसका लागून अन्न श्वासमार्गात जाऊ शकते, यास्तव बधिरता असेतो घास घेऊ नये.

शोथाची तीव्रता अन्नावरूनच ओळखता येते. व्रण असूनही घन अन्न जात असेल तर ती दुसरी श्रेणी. केवळ पातळ पदार्थ जात असतील तर तिसरी. काहीच गिळता येत नसेल तर चौथी. तिसऱ्या श्रेणीपासून, तसेच ताप आल्यास अथवा पांढरा थर दिसल्यास, घरगुती उपचारांवर विसंबणे धोक्याचे असून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.