दोन वर्तुळं, एक रेषा आणि सारख्या स्पर्शिका

‘S₁ − S₂ = 0’. अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या अनेकांनी हे सूत्र पाठ केलेलं असतं. दोन वर्तुळांची समीकरणं वजा करा, ‘रॅडिकल अ‍ॅक्सिस’ मिळतो, आणि त्यावरच्या बिंदूपासून दोन्ही वर्तुळांना काढलेल्या स्पर्शिकांची लांबी सारखी असते. मार्क मिळतात, पण सारखी का असते, हे विचारायचं राहून जातं. उत्तर मात्र दहावीच्याच भूमितीत आहे. कंपास आणि पट्टी काढा.

कागदावर १२ सेंमी अंतरावर अ आणि ब असे दोन बिंदू घ्या. अ केंद्र धरून ५ सेंमी त्रिज्येचं मोठं वर्तुळ काढा, ब केंद्र धरून १ सेंमी त्रिज्येचं छोटं. आता असा बिंदू शोधायचा, जिथून दोन्ही वर्तुळांच्या स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतील.

बहुतेक जण पहिल्यांदा मधोमध बोट ठेवतात. दोन वर्तुळांच्या मधली मोकळी जागा ६ सेंमी, तिचा मध्य अ पासून ८ सेंमीवर येतो. तपासू. स्पर्शिका आणि त्रिज्या एकमेकींना लंब असतात, म्हणजे पायथागोरस लागतो: स्पर्शिकेचा वर्ग = केंद्रापर्यंतच्या अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग. मोठ्यासाठी ६४ − २५ = ३९, छोट्यासाठी १६ − १ = १५. अंदाज साफ चुकला!

मग आता अ पासून ७ सेंमीवर या. ४९ − २५ = २४. ब पासूनचं अंतर ५, म्हणून २५ − १ = २४. जमलं! गंमत म्हणजे हा बिंदू मोठ्या वर्तुळाच्या कडेपासून २ सेंमीवर आहे आणि छोट्याच्या कडेपासून ४ सेंमीवर.

या बिंदूला म म्हणू आणि तिथे अब रेषेला लंब काढू. लंबावर ५ सेंमी वर जाऊन प बिंदू घ्या. पायथागोरसनुसार अ पर्यंतच्या अंतराचा वर्ग ४९ + २५ = ७४, त्यातून २५ गेले, राहिले ४९. ब पर्यंतच्या अंतराचा वर्ग २५ + २५ = ५०, त्यातून १ गेला, राहिले ४९. दोन्ही स्पर्शिका बरोबर ७ सेंमी! पट्टीने मोजूनही बघा.

‘का’ इथेच उलगडतं. लंबावर तुम्ही कितीही वर जा, त्या उंचीचा वर्ग दोन्ही बाजूंना सारखाच मिळवला जातो. म वर २४ = २४ होतं, मग वर गेल्यावर दोन्हीकडे २४ अधिक तेवढाच वर्ग. बरोबरी मोडणार कशी? म्हणून उत्तर वाकडीतिकडी रेघ न येता सरळ रेषा येते. समीकरणांतही हेच घडतं. x² + y² = 25 मधून (x − 12)² + y² = 1 वजा केलं, की x² आणि y² दोन्ही उडतात आणि x = 7 उरतं.

वर्तुळं एकमेकांना छेदत असतील तर काम आणखी सोपं. छेदनबिंदूंमधून जाणारी रेषा हाच रॅडिकल अ‍ॅक्सिस. वर्तुळांबाहेर या रेषेवर कुठलाही बिंदू घ्या. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयानुसार स्पर्शिकेचा वर्ग म्हणजे त्या बिंदूपासून दोन छेदनबिंदूंपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार. छेदनबिंदू दोन्ही वर्तुळांचे तेच, म्हणून गुणाकारही तोच. मात्र सामाईक जीवेवर, वर्तुळांच्या आतल्या बिंदूपासून स्पर्शिकाच निघत नाही. तिथे अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग ही किंमत ऋण येते, पण दोन्ही वर्तुळांसाठी सारखीच. या किमतीला बिंदूची ‘पॉवर’ म्हणतात. अ‍ॅक्सिसची खरी ओळख हीच: दोन्ही पॉवर समान.

दोन ठिकाणी सांभाळा. एक, समीकरण 2x² + 2y² = 50 असं दिलेलं असेल, तर आधी २ ने भागा. तसंच वजा केलंत तर वर्ग उडणार नाहीत आणि हाती रेषेऐवजी तिसरंच वर्तुळ येईल. उत्तरात x² दिसला, की समजा इथेच चुकलं. दोन, वेगवेगळ्या त्रिज्यांच्या दोन वर्तुळांचं केंद्र एकच असेल तर रॅडिकल अ‍ॅक्सिस नसतोच, कारण अंतर तेच आणि त्रिज्या वेगळ्या. वजाबाकीत नुसता आकडा उरतो.

आणि समीकरण न मांडता ही रेषा काढायची असेल तर? दोन्ही वर्तुळांना छेदणारं तिसरं वर्तुळ काढा, त्याचं केंद्र मात्र अब रेषेवर नको. दोन सामाईक जीवा वाढवा. त्या जिथे भेटतात तिथे तिन्ही वर्तुळांची पॉवर सारखी असते. तिथून अब वर लंब टाका. आपल्या आकृतीत तो बरोबर म वरच पडेल.