निर्यात मूल्य वसुली (भारत)

निर्यात मूल्य वसुली म्हणजे परदेशी पाठविलेल्या मालाची किंमत ठरावीक मुदतीत परकीय ग्राहकाकडून मिळविणे व ती अधिकृत बँकेमार्फत भारतात आणणे. भारतात हे निर्यातदाराचे कायदेशीर कर्तव्य आहे. मालाची किंमत बुडाली किंवा उशिरा आली, तर तो केवळ विक्रेता व ग्राहक यांच्यातील खासगी व्यवहार राहत नाही. देशात येणे असलेले परकीय चलन आले नाही, असा त्याचा कायद्यातील अर्थ होतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातून युरोपला जाणाऱ्या ताज्या द्राक्षांच्या व्यापारात या नियमांचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे मालाची अंतिम किंमत अनेकदा माल पोहोचल्यानंतरच ठरते.

== दिंडोरीतील द्राक्ष व्यापार ==

दिंडोरी हा नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील प्रमुख तालुका आहे. तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनीचे मुख्य केंद्र असून परिसरात अनेक पॅकहाउस व शीतगृहे आहेत. निर्यातीचा मुख्य हंगाम साधारणतः जानेवारी ते एप्रिल असा असतो. पूर्वशीतकरण केलेली द्राक्षे रीफर कंटेनरमध्ये भरून मुंबईजवळील न्हावा शेवा बंदरातून रवाना होतात. युरोपसाठी नेदरलँड्समधील रॉटरडॅम हे महत्त्वाचे प्रवेशद्वार आहे.

या व्यापारात बराचसा माल कन्साइनमेंट पद्धतीने, म्हणजे विक्रीनंतर हिशेब देण्याच्या बोलीवर पाठविला जातो. परदेशी आयातदार माल ताब्यात घेतो, तपासतो, विकतो आणि आपला खर्च व कमिशन वजा करून उरलेली रक्कम पाठवितो. तथापि माल बंदरातून निघतानाच शिपिंग बिलात त्याची किंमत घोषित करावी लागते. घोषित किंमत आणि प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम यांत त्यामुळे अंतर पडते. हे अंतर कागदोपत्री सिद्ध करणे हा द्राक्ष निर्यातदाराच्या परकीय चलनविषयक जबाबदारीचा गाभा आहे.

== कायदेशीर चौकट ==

१ जून २००० पासून लागू झालेला परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) हा या विषयाचा मूळ कायदा आहे. त्याच्या कलम ७ नुसार निर्यातदाराला मालाचे खरे व पूर्ण मूल्य घोषित करावे लागते. निर्यातीच्या वेळी ते निश्चित सांगता येत नसेल, तर बाजारस्थिती पाहता जेवढे मूल्य मिळण्याची अपेक्षा आहे तेवढे घोषित करता येते. कन्साइनमेंटच्या मालाला ही तरतूद लागू पडते. कलम ८ नुसार येणे असलेले परकीय चलन वसूल करून भारतात आणण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करणे बंधनकारक आहे.

'वाजवी प्रयत्न' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ग्राहक खरोखर बुडाला तर निर्यातदार आपोआप दोषी ठरत नाही. मात्र त्याने पाठपुरावा केल्याचा पुरावा, म्हणजे पत्रव्यवहार, कायदेशीर नोटीस किंवा परदेशातील दाव्याचे कागद, त्याच्यापाशी असणे अपेक्षित असते.

वसुलीची मुदत रिझर्व्ह बँकेच्या विनियमांनी ठरते. ती दीर्घकाळ निर्यातीच्या तारखेपासून ९ महिने होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये विनियमांत दुरुस्ती करून ती १५ महिने करण्यात आली. मुदत ठरविण्यामागचे एक कारण चलनबाजाराशी संबंधित आहे. रुपया घसरण्याची चिन्हे दिसताच अनेक निर्यातदारांनी आपले पैसे परदेशातच थांबविले, तर बाजारातील परकीय चलनाचा पुरवठा आटतो आणि घसरण अधिक वेगाने होते. १९९१ च्या परकीय चलन संकटाच्या काळात या वर्तनाचा अनुभव आला होता.

== नोंदींची साखळी ==

निर्यातदार सीमाशुल्क विभागाकडे शिपिंग बिल दाखल करतो तेव्हा त्यात आपल्या अधिकृत बँकेचा संकेतांक देतो. सीमाशुल्क विभागाकडून ही माहिती रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या संगणकीय प्रणालीत जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत प्रत्येक शिपिंग बिलासमोर येणे रकमेची एक नोंद उघडते. निर्यातदाराने बीजक, वाहतुकीचा दस्तऐवज व इतर कागद निर्यातीपासून २१ दिवसांत बँकेकडे सादर करायचे असतात. परदेशातून रक्कम आली की बँक तिची आवक नोंद करते, ती संबंधित शिपिंग बिलाशी जुळविते आणि रक्कम पूर्ण जुळल्यावर नोंद बंद होते. त्यानंतर वसुलीचा इलेक्ट्रॉनिक दाखला, म्हणजे ई-बीआरसी, मिळतो.

व्यवहारात अनेक अडचणी पैसे न आल्यामुळे नव्हे, तर आलेले पैसे न जुळल्यामुळे निर्माण होतात. आयातदार चार कंटेनरची रक्कम एकत्र पाठवितो, मधली बँक आपले शुल्क कापून घेते किंवा रक्कम निर्यातदाराच्या दुसऱ्याच बँकेत जमा होते. अशा वेळी खात्यात पैसे असूनही प्रणालीत शिपिंग बिल थकीत दिसते. प्रत्येक जमा रकमेची शिपिंग बिलनिहाय फोड बँकेला लेखी देणे आणि थकीत नोंदींची यादी बँकेकडून वेळोवेळी मागवून घेणे, हा यावरचा उपाय आहे. १० लाख रुपयांपर्यंतच्या बिलांच्या नोंदी निर्यातदाराच्या घोषणापत्राच्या आधारे बंद करण्याची सवलत ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना देण्यात आली.

== एका कंटेनरचा हिशेब ==

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. समजा, दिंडोरीच्या एका निर्यातदाराने १५ फेब्रुवारी २०२६ रोजी ५ किलोच्या २,६०० पेट्या, म्हणजे १३,००० किलो द्राक्षे, किलोला २ युरो अपेक्षित धरून रॉटरडॅमला पाठविली. बीजकाची रक्कम २६,००० युरो झाली. १५ महिन्यांच्या हिशेबाने वसुलीची अखेरची तारीख १५ मे २०२७ ठरते.

बाजारात आवक वाढल्याने द्राक्षे सरासरी १.८० युरोने विकली गेली आणि २३,४०० युरो आले. आयातदाराने त्यातून ८ टक्के कमिशन, म्हणजे १,८७२ युरो, आणि माल उतरविणे, हाताळणी व शीतगृह यांसाठी १,१२८ युरो वजा केले. निर्यातदाराच्या खात्यात २०,४०० युरो जमा झाले. प्रणालीत मात्र ५,६०० युरो येणे दिसत राहते.

या तफावतीचे दोन भाग वेगवेगळ्या रीतीने मिटवावे लागतात. ३,००० युरोच्या वजावटीसाठी आयातदाराचे विक्री हिशेबपत्रक बँक तपासते. उतराई, गोदामभाडे व हाताळणी असा विक्रीशी निगडित नेहमीचा खर्च मान्य होतो. परंतु किरकोळ बाबी वगळता प्रत्येक खर्चाची मूळ पावती लागते. उरलेले २,६०० युरो ही किंमतघट आहे. बीजकाच्या २५ टक्क्यांपर्यंतची घट बँक आपल्या अधिकारात मान्य करू शकते. मात्र निर्यातदार सावधगिरी यादीत नसावा आणि घटीच्या प्रमाणात त्याने निर्यात प्रोत्साहनाची रक्कम परत करावी, अशा अटी असतात. येथील घट १० टक्के असल्याने ती मर्यादेत बसते. हिशेबपत्रक किंवा पावत्या नसतील, तर विक्री प्रामाणिक असूनही ५,६०० युरो थकीतच राहतात.

== उशिराचे परिणाम ==

मुदतीत रक्कम येणार नाही असे दिसताच बँकेकडे मुदतवाढ मागता येते. कारण निर्यातदाराच्या आवाक्याबाहेरचे असल्याची खात्री पटल्यास बँक एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकते. मुदतवाढ न घेता मुदत उलटली, तर परिणाम चार ठिकाणी उमटतात.

पहिला परिणाम फेमाखाली होतो. कलम १३ नुसार गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वरील उदाहरणात ८,००० युरो आलेच नाहीत असे मानल्यास दंडाची कमाल मर्यादा २४,००० युरोंच्या रुपयांतील किमतीइतकी होते. उल्लंघन चालू राहिल्यास दररोज ५,००० रुपयांपर्यंत जादा दंडाची तरतूद आहे. चौकशी सक्तवसुली संचालनालय करते. निर्यातदार स्वतः उल्लंघन मान्य करून ठरलेली रक्कम भरू शकतो व प्रकरण तडजोडीने मिटवू शकतो. या प्रक्रियेला कंपाउंडिंग म्हणतात. पूर्वीच्या फेरा कायद्यातील फौजदारी स्वरूप फेमात मुख्यतः राहिलेले नाही.

दुसरा परिणाम प्रोत्साहनांवर होतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७५ नुसार रक्कम मुदतीत न आल्यास दिलेला शुल्क परतावा कधी दिलाच नव्हता असे मानून तो वसूल केला जातो. रोडटेप योजनेतील लाभालाही अशीच अट आहे. वस्तू व सेवा कर नियमावलीच्या नियम ९६ब नुसार मालाच्या निर्यातीवर मिळालेला कर परतावा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत व्याजासह परत करावा लागतो. पैसे पुढे वाढीव मुदतीत आल्यास तो पुन्हा मागता येतो.

तिसरा परिणाम बँकेच्या कर्जावर होतो. निर्यात बिलाच्या तारणावर घेतलेली उचल वेळेत फिटली नाही, तर बँक ती रुपयातील थकबाकीत बदलते आणि सवलतीचा व्याजदर संपतो.

चौथा परिणाम म्हणजे सावधगिरी यादी. पूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ नोंद थकली की निर्यातदाराचे नाव या यादीत आपोआप जात असे. ऑक्टोबर २०२० मध्ये ही स्वयंचलित पद्धत बंद झाली आणि बँकेच्या शिफारशीवरून प्रकरणनिहाय निर्णय होऊ लागला. यादीतील निर्यातदाराला पूर्ण किमतीची आगाऊ रक्कम किंवा अपरिवर्तनीय पतपत्र असल्याशिवाय माल पाठविता येत नाही. कन्साइनमेंटवर चालणाऱ्या द्राक्ष व्यापारात परदेशी खरेदीदार सहसा असे पतपत्र देत नाहीत. त्यामुळे या निर्यातदारासाठी यादीत नाव जाणे दंडापेक्षाही जड ठरते. त्याचा पुढचा हंगामच थांबतो.

== माल नाकारला गेल्यास ==

२०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. अनेक कंटेनर अडकले आणि निर्यातदारांना मोठा तोटा सहन करावा लागला. अशा वेळी घोषित किंमत वसूल होणे अशक्य असते.

यासाठी निर्लेखनाची तरतूद आहे. आयातदार दिवाळखोर झाला, त्याचा ठावठिकाणा लागत नाही किंवा आयात करणाऱ्या देशातील बंदर, सीमाशुल्क अथवा आरोग्य यंत्रणेने माल नष्ट केला वा लिलावात काढला, अशा कारणांसाठी ठरावीक मर्यादेत येणे रक्कम सोडून देण्यास परवानगी मिळते. त्यासाठी संबंधित यंत्रणेचे प्रमाणपत्र किंवा तत्सम पुरावा लागतो आणि घेतलेली प्रोत्साहने प्रमाणात परत करावी लागतात. नाकारलेल्या मालाचा प्रयोगशाळा अहवाल व विल्हेवाटीचा दाखला त्याच हंगामात मिळविणे म्हणूनच आवश्यक असते. नाशवंत माल नष्ट झाल्यानंतर त्याची पुन्हा तपासणी करता येत नाही आणि पुढील काळात आयातदाराकडून असे कागद मिळणे कठीण जाते.