पु. ल. देशपांडे किती प्रकारे लिहाल?

तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं वाचनालय. कपाटांत हजारो पुस्तकं, दाखल नोंदवहीची पानं पिवळी पडलेली. दहा-पंधरा उत्साही स्वयंसेवक मिळतात, सर्वांसाठी एक गूगल शीट उघडली जाते आणि ईमेल जातो : ‘कृपया नोंदी नीट आणि एकसारख्या भराव्यात.’ काम धडाक्यात सुरू होतं. आठवड्याने पु. ल. देशपांडे यांची पुस्तकं मोजायला घेतली, की आकडा भलताच कमी निघतो. कारण कोणी ‘पु. ल. देशपांडे’ लिहिलेलं असतं, कोणी बिंदूनंतर जागा न सोडता ‘पु.ल.देशपांडे’, कोणी ‘देशपांडे पु ल’, तर कोणी पूर्ण नाव. वाचणाऱ्याला हा एकच माणूस दिसतो, शीटला मात्र चार वेगळे लेखक.

दोष स्वयंसेवकांचा नाही. ‘एकसारखं’ म्हणजे नेमकं कसं, हे त्या ईमेलने सांगितलेलंच नसतं.

उपयोगी ईमेल सूचनांच्या यादीने नव्हे, तर भरून दाखवलेल्या एका ओळीने सुरू होतो. ‘नमस्कार मंडळी, शीटमधली दुसरी ओळ नमुन्याची आहे. दाखल क्रमांक 00417, शीर्षक वाऱ्यावरची वरात, लेखक पु. ल. देशपांडे. प्रत्येक बिंदूनंतर एक जागा सोडायची, आडनाव शेवटी.’ इतकं वाचलं, की बहुतेकांचे हात आपोआप तसेच चालतात. त्यानंतर ईमेलमध्ये हवेत ते अडणाऱ्या जागांचे निर्णय. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आहे आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. माणूस एकच, मग लिहायचं काय? मुखपृष्ठावर असेल ते ‘लेखक’ रकान्यात आणि दुसरं नाव शेजारच्या रकान्यात, असं एकदा ठरवून टाकलं की वाद मिटतो. कोणता पर्याय निवडला यापेक्षा तो आधी कळवला, याला महत्त्व अधिक.

जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेला असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर उत्तर पक्कं नाही. म्हणून शके जसा छापला आहे तसा एका रकान्यात, इसवी सन दुसऱ्यात, आणि छापलेला नसेल तर तो रकाना रिकामा. हिशेब करून भरायचा नाही, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं बरं.

काही चुका मात्र कितीही चांगल्या ईमेलने टळत नाहीत, कारण त्या शीट स्वतःच करते. ‘भाग’ या रकान्यात 1-2 लिहिलं की तिला ती तारीख वाटते. 00417 मधली पुढची शून्यं ती गाळून टाकते. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत : MARCH1 आणि SEPT1 या जनुकांच्या नावांच्या एक्सेलमध्ये तारखा होत राहिल्या. शेवटी 2020 मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने बदललेल्या नावांसह नवे नियमच प्रसिद्ध केले, आणि ती जनुकं MARCHF1 आणि SEPTIN1 झाली. वाचनालयाला एवढं करावं लागत नाही. ईमेल पाठवण्याआधी ते रकाने निवडून Format, Number, Plain text केलं की पुरतं. ‘साहित्यप्रकार’सारख्या रकान्यात लिहायला मोकळीकच ठेवू नये, Data validation मधून कादंबरी, नाटक, कविता असे पर्याय द्यावेत आणि Reject the input निवडावं.

एक फरक तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यावरची’ मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी अक्षरं वेगळी, म्हणून शोधात एक सापडतो आणि दुसरा निसटतो. प्रत्येकाच्या फोनचा कीबोर्ड वेगळा असल्याने हे स्वयंसेवकांवर सोपवणं अन्यायाचं आहे. समन्वयकाने शेवटी Find and replace करून एकच रूप ठेवावं.

आणि शंका आली तर? ईमेलमध्ये यासाठी एक वाक्य हवंच : ‘अंदाजाने भरू नका, शेवटच्या “शंका” रकान्यात लिहा.’ फाटलेलं मुखपृष्ठ, न लागणारी अक्षरं, दोनदा आलेला दाखल क्रमांक, सगळं तिथे जमा होतं आणि पुस्तकांची जाण असलेलं कोणी ते एकत्र सोडवू शकतं.

पहिल्या दिवसाचं काम झालं की समन्वयकाने वेगळ्या पानावर लेखकांच्या रकान्यासाठी, तो C असेल तर, हे सूत्र टाकून पाहावं. पानाचं नाव इथे Books धरलं आहे.

```
=SORT(UNIQUE(Books!C2:C))
```

प्रत्येक वेगळं रूप एकदाच, क्रमाने समोर येतं. ‘पु. ल.’ आणि ‘पु.ल.’ जवळजवळ उभे राहिले, की दुसऱ्या दिवशीच्या छोट्या ईमेलचा विषय मिळाला. पन्नास ओळी भरून झालेल्या असताना तो गेला, तर दुरुस्ती चहाच्या वेळात उरकते. पाच हजार ओळींनंतर त्यासाठी पुन्हा स्वयंसेवक गोळा करावे लागतात.