पडण्याआधी किती मिळालं?

पॅरिस ऑलिंपिक, ऑगस्ट 2024. स्पोर्ट क्लाइंबिंगच्या महिला अंतिम फेरीत जपानची आइ मोरी दोराच्या भिंतीवर बाकी सगळ्या जणींपेक्षा उंच गेली. तिला 100 पैकी 96.1 गुण मिळाले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटला त्याच भिंतीवर मिळाले 84.1. तरीही मोरीचा क्रमांक चौथा आला. पहिल्यांदाच हा खेळ पाहणारा इथे गोंधळून जातो. उंच चढणारी हरते कशी?

उत्तर गुणांच्या पद्धतीत आहे. क्लाइंबिंगचे तीन प्रकार असतात: लीड, बोल्डरिंग आणि स्पीड. पॅरिसमध्ये लीड आणि बोल्डरिंगचे गुण एकत्र करून एकच पदक दिले गेले. स्पीडचे पदक वेगळे होते.

लीडची भिंत पंधरा मीटरच्या आसपास उंच आणि पुढे झुकलेली असते. खेळाडू कमरेला दोर बांधून चढतो आणि वाटेतल्या कड्यांत तो स्वतः अडकवत जातो. वेळ सहा मिनिटे, संधी मात्र एकच. पाय सटकला की डाव संपला. त्याने किती वेळ घेतला हे सहसा कोणी विचारत नाही, तो कुठवर पोहोचला एवढेच मोजले जाते. पॅरिसमध्ये गुण मोजायची सुरुवात वरून होत होती. सर्वांत वरच्या दहा होल्डना प्रत्येकी 4 गुण, त्याखालच्या दहांना 3, त्याखालच्या दहांना 2 आणि त्याखालच्या दहांना 1. असे चाळीस होल्ड मिळून 100 गुण होतात. त्याहून खालच्या होल्डना काहीच नाही. म्हणजे भिंतीच्या खालच्या भागात कोणी सफाईने चढत असला तरी फलकावरचा आकडा मंदच हलतो. थकलेल्या हातांनी गाठलेला शेवटचा टप्पा सर्वांत महाग.

आता 96.1 चा अर्थ लावता येईल. 96 म्हणजे फक्त शेवटचा होल्ड राहिला. दशांशानंतरचा 1 म्हणजे त्या शेवटच्या होल्डच्या दिशेने तिने झेप घेतली, पण तो हाती आला नाही. होल्डला नुसती बोटे लागली तर तो धरला असे मानत नाहीत. शरीर त्यावर स्थिर झाले पाहिजे किंवा त्याचा आधार घेऊन पुढची हालचाल झाली पाहिजे. टीव्हीवर ‘धरला की!’ असे वाटते आणि फलकावर गुण दिसत नाहीत, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

बोल्डरिंगचा हिशेब वेगळा आहे. इथे दोर नाही, खाली जाड गाद्या असतात. भिंत बुटकी, चाली मोजक्या, पण प्रत्येक चाल अवघड. अशा एका छोट्या कोड्याला बोल्डर म्हणतात. नवी मुंबईत 2016 आणि 2017 मध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धा याच प्रकारच्या होत्या. पॅरिसच्या अंतिम फेरीत चार बोल्डर होते आणि प्रत्येकासाठी चार मिनिटे. तेवढ्या वेळात पडून पुन्हा कितीही वेळा प्रयत्न करता येतो. माथ्यावरचा होल्ड दोन्ही हातांनी पक्का धरला की ‘टॉप’, म्हणजे 25 गुण. वाटेत ‘झोन’ नावाचे दोन होल्ड होते. खालच्या झोनला 5 गुण, वरच्याला 10. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे 0.1 कापला जातो. तिसऱ्या प्रयत्नात टॉप गाठला तर 24.8.

या आकड्यांतला तोल नीट पाहण्यासारखा आहे. पडण्याची शिक्षा अगदी किरकोळ, पण वरच्या झोनपासून टॉपपर्यंतच्या दोन-तीन चालींना तब्बल 15 गुण. म्हणून खेळाडू चार-पाच वेळा पडला तरी प्रेक्षकाने हळहळू नये. त्याचा फार तर अर्धा गुण गेलेला असतो. खरी चिंता घड्याळाची.

मोरीचे नुकसान इथेच झाले. तिची उंची सुमारे 154 सेंटिमीटर. पहिल्या बोल्डरवर सुरुवातीच्याच होल्डसाठी उंच उडी घ्यावी लागत होती आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही तिला तो गाठता आला नाही. त्या बोल्डरवर शून्य, चार बोल्डर मिळून 39.0 आणि एकूण 135.1. कांस्यपदक 147.4 वर गेले. समजा तिने तिथे वरचा झोन गाठला असता, तर एकूण 145.1 झाले असते, पदक तरीही हुकलेच असते. पण दहाव्या प्रयत्नात का होईना, टॉप मिळाला असता तर 24.1 ची भर पडून ती 159.2 वर गेली असती. रौप्यपदकाची बेरीज होती 156.0. मार्गाची आखणी करणाऱ्यांनी बुटक्या खेळाडूवर अन्याय केला का, ही चर्चा त्यानंतर बराच काळ चालली.

पुरुषांची अंतिम फेरी बेरीज करत पाहिली तर सामना आणखी रंगतो. बोल्डरिंगनंतर जपानचा सोरातो अनराकू 69.3 वर होता, ब्रिटनचा टोबी रॉबर्ट्स 63.1 वर. लीडमध्ये रॉबर्ट्सने 92.1 मिळवून एकूण 155.2 केले. अनराकू सर्वांत शेवटी चढणार होता. सुवर्णासाठी त्याला लीडमध्ये 85.9 च्या पुढे जायचे होते, म्हणजे वरच्या दहांपैकी सातवा होल्ड गाठून 88. तो चौथ्या होल्डवर, 76.1 ला पडला. तीन होल्ड कमी पडले.

स्पीडला गुणच नाहीत. पंधरा मीटरची भिंत, शेजारी शेजारी दोन अगदी सारखे मार्ग, आणि हा मार्ग जगभर एकच. दोघे एकदम निघतात, वरचा पॅड आधी दाबणारा जिंकतो, हरणारा बाहेर. इशाऱ्याआधी किंवा त्यानंतर 0.1 सेकंदाच्या आत हालचाल झाली तर सदोष सुरुवात मानून शर्यत गमावावी लागते. बाद पद्धतीमुळे एक गंमत होते. पॅरिसमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने 4.75 सेकंदांत सुवर्ण जिंकले, पण अमेरिकेच्या सॅम वॉटसनने 4.74 चा विश्वविक्रम केला तो कांस्यपदकाच्या लढतीत. त्याआधीच तो उपांत्य फेरीत हरलेला होता.

टोकियोत तर तिन्ही प्रकार एकत्र होते आणि क्रमांकांचा गुणाकार केला जाई. ज्याचा गुणाकार सर्वांत लहान, तो विजेता. चेकियाचा अॅडम ओन्द्रा स्पीडमध्ये चौथा आणि बोल्डरिंगमध्ये सहावा होता. लीडमध्ये पहिला राहिला असता तर 4 × 6 × 1 म्हणजे 24, आणि सुवर्ण त्याचे. पण ऑस्ट्रियाच्या याकोब शुबर्टने टॉप गाठला, ओन्द्रा लीडमध्ये दुसरा झाला, गुणाकार 48 वर गेला आणि तो थेट सहाव्या क्रमांकावर घसरला. सुवर्ण स्पेनच्या अल्बेर्तो हिनेसला मिळाले, 28 वर.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही प्रकारांची पदके स्वतंत्र असतील, त्यामुळे असे गुणाकार किंवा बेरजा कराव्या लागणार नाहीत. फक्त लीडच्या स्वतंत्र स्पर्धेत फलक वेगळा वाचावा लागतो. तिथे ‘37+’ असे काही दिसेल. सदतिसावा होल्ड पक्का धरला आणि अडतिसाव्याकडे झेप घेतली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच जागी कोणी नुसत्या 37 वर पडला असेल, तर तो एक पायरी मागे.