अकरा स्थळे आणि पहिले चार नकार

योहानेस केप्लरची पहिली पत्नी बार्बारा १६११ मध्ये वारली. ग्रहांच्या कक्षांचे गणित मांडणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने पुढच्या दोन वर्षांत ११ स्थळांचा विचार केला आणि १६१३ च्या एका पत्रात त्यांची हकिगत लिहिली. लग्न केले ते पाचवीशी, सुझाना रॉयटिंगरशी.

विसाव्या शतकात हाच पेच 'सेक्रेटरी प्रॉब्लेम' म्हणून गणितात आला. मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्याचा एक खेळ छापला. अटी कडक आहेत. उमेदवार कसल्याही क्रमाने एकेक करून येतात, तुलना फक्त आधी पाहिलेल्यांशी करता येते, होकार किंवा नकार तिथल्या तिथे द्यायचा आणि नाकारलेला परत मिळत नाही. सर्वांत चांगला हाती लागला तरच यश.

उपाय असा: पहिले काही फक्त पाहायचे, नाकारायचे. मग त्या सगळ्यांहून सरस जो पहिला येईल, त्याला हो म्हणायचे. पण पहिले किती सोडायचे?

११ पैकी ४ सोडले असे धरू. सर्वोत्तम सातव्या जागी असण्याची शक्यता १/११. पण तिथवर पोहोचायचे तर पाचव्या-सहाव्याने आपल्याला मोहात पाडता कामा नये, म्हणजे पहिल्या सहांतला सरस उमेदवार सोडलेल्या चारांतच असायला हवा. याची शक्यता ४/६. अशीच पाचव्यापासून अकराव्यापर्यंतची बेरीज केली की यशाची शक्यता मिळते:

४/११ × (१/४ + १/५ + … + १/१०) = ०.३९८

तीन सोडले तर ०.३९०, पाच सोडले तर ०.३८४. म्हणजे चारच योग्य.

दर वेळी एवढी आकडेमोड करायची गरज नाही. तीनऐवजी चार सोडले, तर यशाची शक्यता (१/४ + … + १/१० − १) ÷ ११ इतकी बदलते; दोन्ही सूत्रांची वजाबाकी करून हे पडताळता येते. म्हणून कंसातली बेरीज १ च्या वर असेपर्यंतच आणखी एक सोडण्यात फायदा. शेवटाकडून बेरीज करत या: १/१० ते १/५ मिळून ०.८४६, १/४ मिळवताच १.०९६. एकचा उंबरठा ४ वर ओलांडला, तेवढेच सोडायचे. उमेदवार पुष्कळ असतील, तर हाच हिशेब सुमारे ३७ टक्के सोडायला सांगतो आणि यशाची शक्यताही तितकीच राहते.

केप्लरने मात्र नियम पाळला नव्हता. पुढची स्थळे पाहून तो पाचव्या स्थळाकडे परतला, आणि अशी परतीची वाट खुली असेल तर हे गणित लागूच होत नाही. वाट बंद असेल, तर नियमाची किंमतही मोजावी लागते. सर्वोत्तम उमेदवार पहिल्या चारांतच येऊन गेला, आणि हे अकरांत चारदा घडेल, तर पुढे कुणीच सरस भेटत नाही आणि अकरावा जसा असेल तसा स्वीकारावा लागतो.