गरम पाण्यालाच अंड्याचा वास का?

मे महिन्यात घर तीन आठवडे बंद ठेवून गावाला जायचं, परत आल्यावर आंघोळीसाठी गीझर लावायचा आणि नळ सोडताच न्हाणीघरात नासक्या अंड्याचा भपकारा यायचा. पुण्याच्या कडेला, बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हा अनुभव नवा नाही. गंमत म्हणजे शेजारच्याच गार पाण्याच्या नळाला कसलाही वास नसतो. मग कुणी गच्चीवरची टाकी धुऊन घेतं, कुणी मोरीच्या जाळीत फिनेल ओततं. वास जागचा हलत नाही.

मिस्त्रीला बोलावण्याआधी एक साधी परीक्षा करता येते. एका ग्लासात गरम नळाचं पाणी घ्या, दुसऱ्यात गार नळाचं, आणि दोन्ही ग्लास न्हाणीघराबाहेर नेऊन हुंगा. बाहेर नेल्यावर दोन्हींना वास नसेल तर दोष पाण्याचा नाही, मोरीचा आहे. नंतर गार नळाचंच पाणी भांड्यात घेऊन शेगडीवर कोमट करा. त्यालाही वास आला तर तो वायू मुळात बोअरच्या पाण्यातच आहे. पाणी तापलं की विरघळलेला वायू बाहेर पडतो, म्हणून गार असताना तो जाणवत नाही. शेगडीवरचं पाणी स्वच्छ आणि गीझरचं मात्र घाणेरडं निघालं, तर वास गीझरच्या टाकीत तयार होतोय.

तो वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. तो तयार करतात सल्फेट खाली आणणारे जीवाणू. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, तसे हे जीवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात, आणि त्यातून हा वायू सुटतो. सल्फेट हा पाण्यात विरघळलेला क्षार. जमिनीखालच्या पाण्यात तो कमीअधिक असतोच. पण जीवाणूंना त्याच्या जोडीला इंधनही लागतं. ते इंधन आपणच गीझरमध्ये बसवून ठेवलेलं असतं.

टाकी पोलादी असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. त्या मुलाम्यात बारीक छिद्रं राहतातच आणि तिथून पोलाद गंजू लागतं. ते वाचवण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. तिला अ‍ॅनोड म्हणतात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजतं, म्हणून ते स्वतः विरघळतं आणि पोलादाला इलेक्ट्रॉन पुरवत राहतं. त्या इलेक्ट्रॉनमुळे पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्यातून हायड्रोजन निघतो. टाकी गंजण्यापासून वाचते, पण जीवाणूंना हायड्रोजनची मेजवानी मिळते. म्हणजे अ‍ॅनोड बिघडल्याची ही खूण नाही. तो काम करतोय म्हणूनच वास येतो.

उरलं तापमान. हे जीवाणू साधारण ३० ते ४० अंशांत सुखात वाढतात आणि ६० अंशांच्या वर बहुतेक मरतात. आपल्याकडे गीझर सकाळी अर्धा तास लावून बंद करतात, काही जण वीजबिलाच्या धास्तीने थर्मोस्टॅट ४५वरच ठेवतात. मग टाकी उरलेला दिवस कोमटच राहते. त्यात घर बंद असलं तर पाणी हलतही नाही. नगरपालिकेच्या पाण्यात थोडा क्लोरीन उरलेला असतो, तो जीवाणूंना आळा घालतो. बोअरच्या पाण्यात तो नसतो. घरात पाणी मृदू करणारं यंत्र असेल तर अ‍ॅनोड आणखी वेगाने झिजतो. ज्यात पाणी साठत नाही त्या गॅस गीझरला हा रोग होत नाही, कारण टाकीच नाही.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. थर्मोस्टॅटचं बटण असेल तर ते ६५-७० अंशांपर्यंत वाढवा, पाणी तापल्यावर काही तास तसंच ठेवा, मग टाकीभर पाणी नळातून सोडून द्या. हे पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून मुलाबाळांना न्हाणीघराबाहेर ठेवा. वास जाईल, पण बोअरच्या पाण्याबरोबर जीवाणू पुन्हा येतील. वास पुन्हा पुन्हा येत असेल तर मेकॅनिककडून टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढून घ्या आणि मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा अ‍ॅनोड बसवून घ्या. त्यानेही टाकी वाचते, आणि वास बहुधा कमी होतो. आपल्या गीझरला तो बसतो का, हे आधी कंपनीला विचारा.

काही मिस्त्री कांडीच काढून टाकतात आणि वास गेला म्हणून पैसे घेऊन जातात. वास खरंच जातो. मग गंज टाकी खाऊ लागतो, आणि कांडी काढलेली दिसली की कंपनी वॉरंटीही नाकारू शकते. असा उपाय मुळीच करू देऊ नका.

आंघोळीपुरत्या या वायूने सहसा अपाय होत नाही. चांदीचे पैंजण मात्र काळवंडतात. पण दोन-तीन आठवडे बंद घरात परतल्यावर खबरदारी घ्या. साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून गीझर लावण्याआधी खिडकी उघडा, काडी पेटवू नका आणि गरम पाण्याचा नळ काही मिनिटं तसाच वाहू द्या.