झाडातले आकडे चढत्या क्रमानेच का बाहेर येतात?

४१, २०, ६५, ११, २९, ३२, ५० हे सात आकडे संगणकाला याच क्रमाने दिले आणि त्याने ते ‘बायनरी सर्च ट्री’मध्ये ठेवले, असे समजू. पहिला आलेला ४१ झाडाच्या शेंड्यावर बसतो. संगणकातले झाड उलटे काढतात, मूळ वर आणि फांद्या खाली. पुढचा प्रत्येक आकडा मुळापासून निघतो. समोरच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर तो डावीकडे उतरतो, मोठा असेल तर उजवीकडे, आणि जिथे रिकामी जागा मिळेल तिथे बसतो. ३२ची वाट पाहा: ४१पेक्षा लहान म्हणून डावीकडे, तिथल्या २०पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, तिथल्या २९पेक्षाही मोठा म्हणून पुन्हा उजवीकडे. तो २९च्या उजव्या हाताला बसला. ६५ हा ४१च्या उजवीकडे आणि ५० हा ६५च्या डावीकडे जाऊन बसतो.

हे आकडे वाचून काढायच्या एका पद्धतीला ‘इन-ऑर्डर’ फेरी म्हणतात. आधी डावी फांदी पूर्ण वाचायची, मग मधला आकडा आणि मग उजवी फांदी. फांदीच्या आतही हाच नियम. पायथन भाषेत तो असा लिहितात:

```python
def walk(node):
    if node is None:
        return
    walk(node.left)
    print(node.key)
    walk(node.right)
```

आपल्या झाडावर ही फेरी मारली की ११, २०, २९, ३२, ४१, ५०, ६५ असे आकडे बाहेर पडतात. आकडे कोणी क्रमाने लावले नाहीत, तरी ते क्रमाने आले. हा या सात आकड्यांपुरता योगायोग नाही, हे पटवायला फार मोठे गणित लागत नाही. रिकामे झाड काहीच छापत नाही, तिथे क्रम बिघडण्याचा प्रश्नच नाही. आता समजा, एखाद्या ठरावीक आकारापेक्षा लहान असलेली सगळी झाडे बरोबर छापली जातात. त्या आकाराच्या झाडाची डावी फांदी त्याहून लहान, म्हणून ती क्रमाने येते. उजवी फांदीही तशीच. डावीकडचा प्रत्येक आकडा मुळापेक्षा लहान आणि उजवीकडचा प्रत्येक आकडा मोठा, त्यामुळे तीन तुकडे एकामागे एक ठेवले की जोडावर कुठेही क्रम मोडत नाही. लहान झाडांपासून मोठ्या झाडांपर्यंत हा युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो.

या युक्तिवादातला ‘प्रत्येक’ हा शब्द निसटला की घोटाळा होतो. नियम फक्त खाली लगत बसलेल्या आकड्यापुरता नाही, अख्ख्या फांदीला लागू आहे. झाड तपासणारा प्रोग्राम लिहिताना पुष्कळ विद्यार्थी प्रत्येक आकड्याची तुलना त्याच्या लगतच्या दोन मुलांशीच करतात आणि थांबतात.

आता कोणी झाडात बसलेल्या ३२च्या जागी थेट ४४ लिहिले असे समजा. प्रत्यक्षात हे नेहमी घडते: नोंदीतला आकडा दुरुस्त केला जातो, पण नोंद झाडातून काढून पुन्हा घातली जात नाही. लगतची तुलना इथे काहीच पकडत नाही. ४४ हा २९च्या उजवीकडे आहे आणि २९पेक्षा मोठाही आहे. पण तो ४१च्या डाव्या फांदीत अडकला आहे. ४४ शोधायला निघालेला प्रोग्राम ४१पाशी उजवीकडे वळतो, ६५पाशी डावीकडे, ५०पाशी पुन्हा डावीकडे, आणि तिथे रिकामी जागा पाहून ‘सापडला नाही’ असे सांगतो. आकडा झाडात असूनही हरवलेला.

इन-ऑर्डर फेरी मात्र लगेच बोलते: ११, २०, २९, ४४, ४१, ५०, ६५. ४४नंतर ४१ येताच क्रम मोडला. तपासणीसाठी पूर्ण यादी साठवावी लागत नाही. आधीचा एक आकडा लक्षात ठेवायचा आणि नवा त्याहून मोठा आहे ना, एवढेच पाहायचे. ही कसोटी उलट दिशेनेही पक्की आहे. फेरीत कोणत्याही आकड्याची डावी फांदी त्याच्या आधी आणि उजवी त्याच्या नंतर छापली जाते. म्हणून यादी सतत चढती असेल, तर डावीकडचे सगळे लहान आणि उजवीकडचे सगळे मोठे असलेच पाहिजेत. तेच आकडे दोनदा ठेवायची मुभा असेल, तर मात्र ‘मोठा’ऐवजी ‘लहान नाही’ असे पाहावे लागते, आणि समान आकडे कोणत्या बाजूला ठेवायचे हे या यादीवरून कळत नाही.

झाडाचा आकारही यादीवरून कळत नाही. आकडे आधीच चढत्या क्रमाने आत घातले, तर प्रत्येक जण आधीच्याच्या उजवीकडे बसतो आणि झाडाची एकच लांब साखळी होते. फेरी तेव्हाही बरोबर क्रम देते, पण वरचा `walk` प्रत्येक पायरीला स्वतःलाच पुन्हा बोलावतो आणि पायथन अशा बोलावण्यांची खोली साधारण १००० वर रोखतो. पाच हजार आकड्यांच्या साखळीवर `RecursionError` येतो. अशा वेळी दोष क्रमात नसून झाडाच्या खोलीत असतो. परतीच्या जागा स्वतःच्या यादीत ठेवून `while` लूपने तीच फेरी मारली, की तपासणी शेवटच्या आकड्यापर्यंत पोचते.